प्रतिक्रियेला उत्तर : सेल ‘संपला’ म्हणजे नक्की काय झालं?

आर्डुइनो आणि रेडिओचा वायरलेस नोड एका बटन सेलवर किती काळ चालेल, याचा सरासरी करंटवरून काढलेला हिशोब मी लेखात दिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

*“हे बॅटरीचं आयुष्य नव्हे, पाचवीचा भागाकार आहे. 3.3 वर्षं म्हणे! तुमचंच सर्किट जसंच्या तसं केलं, सीआर2032 आठ महिन्यांत संपला. सेल्फ-डिस्चार्जही धरलेलं नाही. लोकांना कामाला लावण्याआधी स्वतः करून बघत जा.”*

पाचवीचा भागाकार आहेच, त्यात लपवण्यासारखं काय? दर मिनिटाला रेडिओचे 8 मिलिसेकंद 12 मिलिअँप, बाकी वेळ झोपेत 6 मायक्रोअँप:

```
6 + 12000 × 0.008 / 60 = 7.6 µA
220 mAh / 0.0076 mA ≈ 28900 तास
```

सेल्फ-डिस्चार्जचं मान्य. ते धरायला हवं होतं. वर्षाला एक टक्का धरला तर पाव मायक्रोअँपची भर पडते, म्हणजे आयुष्य महिना-सव्वा महिन्याने कमी होईल. तेवढ्यासाठी एवढा आवाज चढवायची गरज नव्हती.

आता तुमचे आठ महिने. तेवढ्या काळात सेल खरंच रिकामा व्हायचा तर सरासरी 38 मायक्रोअँप ओढले जायला हवेत. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की चिप रीसेट करणारा ब्राउन-आउट डिटेक्टर बहुतेकांचा झोपेतही चालू राहतो, त्याचे साधारण 20 मायक्रोअँप जातात. ते मिळवले तरी सेल अकरा महिने पुरतो. मग उरलेला करंट गेला कुठे? माझ्या मते कुठेच नाही. तुमचा सेल संपलेलाच नाही. काढल्यावर तो लोड लावून मोजलात का? प्रतिक्रियेत एकही आकडा नाही, आणि करून बघायचा सल्ला मला!

मी करून बघितलं आहे, साहेब. 2009 पासून हेच करतोय. निफाडजवळच्या एका कांदाचाळीत याच घडणीचा नोड लावला होता. डिसेंबरात रोज पहाटे तो गप्प व्हायचा. चाळवाले म्हणाले, “सेल गेला, दुसरा टाका.” दुपारी जाऊन बघतो तर आपोआप चालू! मग पहाटे नोड गप्प असताना सेल काढून मीटर लावला, 2.94 व्होल्ट. मग त्यावर 220 ओहमचा रेझिस्टर टेकवला आणि मीटर 2.60 वर आला. 11.8 मिलिअँपला 0.34 व्होल्ट पडले, म्हणजे आतला रोध सुमारे 29 ओहम. नव्या सेलचा साधारण दहा-वीस असतो, वापराने वाढतो आणि थंडीत आणखी वाढतो.

आता आर्डुइनोच्या बोर्डावरचा एटीमेगा328पी बहुधा 2.7 व्होल्टला रीसेट व्हायला बसवलेला असतो. रेडिओ 12 मिलिअँप मागतो, सेल 2.6 वर घसरतो, चिप रीसेट होते. उठली की पुन्हा रेडिओ, पुन्हा घसरण. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सेल मेला. तुमचा नोड माझ्या हिशोबाप्रमाणे चालला असेल तर आठ महिन्यांत जेमतेम 44 एमएएच गेले असतील. पाचातले चार हिस्से शिल्लक असताना तुम्ही सेल फेकलात.

सेलवर छापलेले 220 हे अगदी हलक्या लोडला आणि 2.0 व्होल्टपर्यंत उतरवून मिळतात. तुम्ही 2.7 लाच दार लावलंत, तर आतला माल बाहेर येणार कसा? हे मूळ लेखात नव्हतं हे खरं, पण लेख सरासरी करंटचा होता, व्होल्टेजचा नव्हे. शीर्षक तरी वाचायचं.

उपाय सांगतो, रागावलो असलो तरी. ब्राउन-आउट 1.8 व्होल्टवर आणा:

```
avrdude -c usbasp -p m328p -U efuse:w:0xFE:m
```

पण 8 मेगाहर्ट्झला या चिपला 2.4 व्होल्ट तरी लागतात, म्हणून घड्याळ 4 मेगाहर्ट्झवर उतरवा. झोपेआधी `sleep_bod_disable()` द्या, म्हणजे ते 20 मायक्रोअँपही वाचतील. सेलला समांतर कपॅसिटर लावा, पण 100 मायक्रोफॅरडचा लावून निश्चिंत बसू नका. 12 मिलिअँप 8 मिलिसेकंद एकट्या त्याच्यातून काढले तर तो जवळजवळ एक व्होल्ट पडतो, 470 चा पाव व्होल्टाच्याही आत राहतो. स्वस्त इलेक्ट्रोलिटिक घेतलात तर त्याची गळती आधी मोजा. कधी कधी ती झोपेच्या करंटाएवढी भरते, आणि मग दोष पुन्हा माझ्या भागाकारावर येईल.

तो जुना सेल अजून ड्रॉवरात असेल तर 220 ओहम टेकवून दोन्ही आकडे इथे टाका. मग बोलू.