‘मार्चमध्ये एकदाच भरा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

“फ्रीलान्सर मित्रांनो, सीए लोकांच्या नादी लागू नका. १) क्लायंट १० टक्के टीडीएस कापतो, तोच आपला अॅडव्हान्स टॅक्स. २) जून-सप्टेंबरचे हप्ते कंपन्यांना असतात, आपल्याला नाहीत. आपण १५ मार्चला एकदाच भरायचा. ३) वर्षाचं उत्पन्न आधी कळत नाही, आणि अंदाज चुकला तर दंड बसतो. त्यापेक्षा आधी न भरलेलंच बरं. ४) जुलैत रिटर्नबरोबर भरला तरी चालतं. सर्वांना पाठवा.”

हा मेसेज गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीने मला पाठवला. खाली एकच ओळ होती: “ताई, मग या १५ तारखेला नको ना भरायला?” ती अनुवादाची कामं घेते. अॅडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायच्या आयकराचा, जूनचा हप्ता तिने वेळेवर भरला होता आणि सप्टेंबरचे पैसेही बाजूला काढून ठेवले होते. त्या पैशांतून आता नवा लॅपटॉप घ्यायचा तिचा विचार चालला होता. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

सगळ्यात जास्त नुकसान दुसऱ्या मुद्द्याने होतं, कारण त्यात थोडं खरं आहे. २०२५-२६ या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २११ मध्ये १५ मार्चला एकरकमी भरण्याची सवलत खरोखरच आहे. पण ती फ्रीलान्सर असल्यामुळे मिळत नाही. कलम ४४एडी किंवा ४४एडीएखाली अंदाजी नफा दाखवणाऱ्यांनाच ती मिळते. ४४एडीए ठरावीक पेशांसाठी आहे: वकील, डॉक्टर, इंजिनीयर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर आणि सरकारने अधिसूचनेने जोडलेले काही पेशे. माहिती तंत्रज्ञान आणि सिनेकलावंत त्या जोडलेल्यांत येतात. या लोकांनी जमेच्या निदान ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवली, आणि वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असली, तर त्यांना मार्चची एकच तारीख. रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ७५ लाख होते. तेव्हा मेसेज लिहिणारा स्वतः सॉफ्टवेअरवाला असेल आणि ४४एडीए वापरत असेल, तर त्याच्यापुरतं त्याचं म्हणणं बरोबर आहे. ते त्याने सगळ्यांच्या गळ्यात का बांधावं, हे मला कळत नाही.

या यादीत अनुवादकाचं नाव नाही. माझी बहीण वही ठेवते, झालेला खर्च वजा करते आणि उरलेला खरा नफा दाखवते. असा नफा दाखवणाऱ्याला चारही तारखा लागू होतात. १५ जूनपर्यंत वर्षाच्या कराचे १५ टक्के भरायचे. १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. हे आकडे एकत्रित आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सप्टेंबरमध्ये नवे ४५ टक्के भरायचे नसतात, जूनचे धरून ४५ टक्के व्हायला हवेत.

तिचाच हिशेब घेते. वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. जमा २२ लाख होईल असा अंदाज आहे आणि खर्च ४ लाख, म्हणजे नफा १८ लाख. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,००० होतात, ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००, १२ ते १६ लाखांवर १५ टक्क्यांनी ६०,००० आणि वरच्या २ लाखांवर २० टक्क्यांनी ४०,०००. हे झाले १,६०,०००. त्यावर ४ टक्के सेस ६,४०० धरला की १,६६,४००.

आता पहिल्या मुद्द्याकडे येऊ. तिच्या २२ लाखांपैकी ८ लाख इथल्या कंपन्यांकडून येतात. त्या १० टक्के कापतात, म्हणजे ८०,०००. उरलेले १४ लाख परदेशी प्रकाशकांकडून येतात, आणि त्यांवर एक रुपयाही कापला जात नाही. मग टीडीएस तिचा पूर्ण कर कसा होईल? १,६६,४०० मधून ८०,००० गेले की ८६,४०० उरतात, ते तिनेच भरायचे. टीडीएस वजा करून उरणारा कर १०,००० किंवा त्याहून जास्त असला की अॅडव्हान्स टॅक्स लागू होतो. तिची सगळी बिलं इथल्या कंपन्यांचीच असती, तर २२ लाखांवर २,२०,००० कापले गेले असते. तिला काहीच भरावं लागलं नसतं, उलट परतावा मिळाला असता. इतकं मान्य करते. पण आपल्या बाबतीत काय आहे, हे मेसेजवरून ठरत नाही, आपल्या नावावर जमा झालेला टीडीएस दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतं. तिमाहीची टीडीएस विवरणं भरली गेली की हप्त्याआधी तो उघडून पाहावा. क्लायंटने बिलातून कापले पण सरकारकडे जमा केले नाहीत, असं दिसलं तर लगेच त्याच्या मागे लागावं. आणि क्लायंटने मुळात कापलेच नसतील, तर “त्याने कापायला हवे होते” म्हणून ती रक्कम आपल्या अॅडव्हान्स टॅक्समधून वजा करता येत नाही.

तर ८६,४०० चे हप्ते असे पडतात:

१५ जून: १२,९६०
१५ सप्टेंबर: २५,९२० (एकूण ३८,८८०)
१५ डिसेंबर: २५,९२० (एकूण ६४,८००)
१५ मार्च: २१,६०० (एकूण ८६,४००)

मेसेज ऐकून तिने सप्टेंबर आणि डिसेंबर सोडले आणि उरलेलं सगळं १५ मार्चला भरलं, तर कलम २३४सी लागतं. सप्टेंबरला २५,९२० कमी पडतात. ती रक्कम शंभरात खाली आणली जाते, आणि २५,९०० वर दरमहा १ टक्क्याने ३ महिन्यांचं व्याज ७७७ होतं. डिसेंबरला ५१,८४० कमी पडतात, त्यांचं व्याज १,५५४. एकूण २,३३१ रुपये. हप्ता एक दिवस उशिरा भरला तरी त्या टप्प्याचं व्याज ३ महिन्यांचंच लागतं, कारण त्या तारखेला किती भरलं होतं एवढंच पाहिलं जातं. हे व्याज खर्च म्हणून नफ्यातून वजाही होत नाही.

तिसरा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. अंदाज चुकेल म्हणून भरायचंच नाही, हे तर्काला धरून नाही. पहिली गोष्ट, हा दंड नाही, व्याज आहे, आणि तेही फक्त कमी पडलेल्या रकमेवर. दुसरी गोष्ट, कायद्याने अंदाजाला थोडी जागा दिलेली आहे. जूनपर्यंत १५ ऐवजी निदान १२ टक्के आणि सप्टेंबरपर्यंत ४५ ऐवजी निदान ३६ टक्के भरले असतील, तर त्या दोन हप्त्यांवर व्याज नाही.

समजा नोव्हेंबरात तिला एक मोठं पुस्तक मिळालं आणि वर्षाचा नफा १९ लाख होणार असं दिसू लागलं. हे वाढलेले पैसेही परदेशातून येतील, टीडीएस तेवढाच राहील. नवा कर १,८७,२००. टीडीएस वजा जाता १,०७,२००. याचे १२ टक्के होतात १२,८६४, आणि तिने जूनमध्ये भरले आहेत १२,९६०. ३६ टक्के होतात ३८,५९२, आणि सप्टेंबरपर्यंत भरलेले असतील ३८,८८०. म्हणजे अंदाज एका लाखाने चुकूनही व्याज शून्य. डिसेंबरला एकूण ८०,४०० व्हायला हवेत, म्हणून त्या हप्त्यात ४१,५२० भरायचे, आणि मार्चला २६,८००. डिसेंबर आणि मार्चच्या टप्प्याला मात्र अशी सूट नाही, तिथे पूर्ण भरावे लागतात.

आणि तेच पुस्तक २ लाखांचं निघालं, नफा २० लाख झाला तर? मग भरायचा कर १,२८,००० होतो आणि कायद्याने दिलेली जागा अपुरी पडते. जूनच्या टप्प्याला ६,२४० कमी पडले असं धरून १८६ रुपये, सप्टेंबरला १८,७२० कमी पडले म्हणून ५६१ रुपये. एकूण ७४७. पैसे नोव्हेंबरात आले, जूनमध्ये मला कसं कळणार, ही तक्रार रास्त आहे, पण नियमित व्यवसायाच्या उत्पन्नाला इथे माफी नाही. ती भांडवली नफा, लाभांश अशा उत्पन्नाला आहे, आणि ज्याला व्यवसायाचं उत्पन्न पहिल्यांदाच झालं त्याला. तेही उरलेल्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत भरलं तरच. पण आधीचे हप्ते तिने भरलेलेच नसते, तर हेच व्याज कितीतरी वाढलं असतं, हे विसरू नये.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर तिच्याच आकड्यांत देते. जूननंतर काहीच न भरता पुढच्या जुलैत रिटर्नबरोबर उरलेले ७३,४४० भरले, तर सप्टेंबर आणि डिसेंबरचे २,३३१ लागतातच. मार्चच्या टप्प्याचं एका महिन्याचं व्याज ७३४ रुपये. शिवाय ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर भरलेला नाही म्हणून कलम २३४बी, एप्रिल ते जुलै ४ महिन्यांचे २,९३६. एकूण ६,००१ रुपये.

काल संध्याकाळी ती आणि मी फोनवर बोलत बोलतच हप्ता भरला. आयकराच्या पोर्टलवर e-Pay Tax उघडलं. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी तिथे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं असतं, आणि ती २०२५-२६ वर बोट ठेवणार होती. मी थांबवलं. पैशाच्या प्रकारात Advance Tax (100) निवडलं. त्याच्या खालचा Self-Assessment Tax (300) निवडला असता, तर पैसे वेळेवर जाऊनही तो अॅडव्हान्स टॅक्स म्हणून धरला गेला नसता आणि चलन दुरुस्त करत बसावं लागलं असतं. २५,९२० गेले. चलनाचा बीएसआर कोड, तारीख आणि क्रमांक तिने वहीत जूनच्या नोंदीखाली लिहिला, आणि त्याखाली पुढची तारीख: १५ डिसेंबर, आधी २६एएस पाहणे.