आत्याचा खांदा आणि तो पांढरा पट्टा

घरात एकाच माणसाला फोटोशॉप येत असेल तर त्याने ते कुणाला कळू देऊ नये, पण आमच्या घरात हे सगळ्यांना माहिती आहे त्यामुळे आत्याच्या साठीचा स्टुडिओत काढलेला फोटो रविवारी सकाळी, मी कांदेपोहे खात असताना माझ्याकडे आला. खाली काकांचा मेसेज, 'खांद्यावर जरा काहीतरी आलंय, बघ.' काहीतरी म्हणजे ब्राचा पट्टा. पांढराशुभ्र. मरून ब्लाउजचा गळा टेलरने ढगळ केलेला, त्यामुळे गळ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत पट्टा मस्त ऐसपैस बसलेला.

बरं, दादरच्या त्या स्टुडिओवाल्याने टचअप केलं नव्हतं असं नाही. केलं होतं, वेगळे पैसे घेऊन. आत्याचा चेहरा दोन शेड गोरा केला, गालावरच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या सपाट केल्या आणि पट्टा जसाच्या तसा ठेवला. मोबाईलवर कुणाच्या लक्षातही येत नव्हतं, पण फ्रेम बारा बाय अठराची करायची होती आणि त्या साइजला पहिली नजर पट्ट्यावरच गेली असती.

लोकांना वाटतं पट्टा पुसला की झालं. पट्टा पुसणं हे सगळ्यात सोपं काम आहे हो! पट्ट्याने खांद्यावर जो संसार मांडलेला असतो तो आवरायला वेळ लागतो. पट्टा कातडीत रुतलेला असतो, म्हणजे एका कडेला सावली, दुसऱ्या कडेला थोडी फुगलेली उजळ कातडी. नुसता पांढरा भाग काढला तर खांद्यावर पन्हाळ काढल्यासारखी खाच उरते आणि बघणाऱ्याला नेमकं काय काढलंय ते बरोब्बर कळतं.

म्हणून मी मूळ फाइल बाजूला ठेवून वर एक रिकामा लेयर घेतला, सगळं काम त्याच्यावर, म्हणजे बिघडलं तर तेवढंच खोडता येतं. झूम दोनशे टक्के. मधल्या भागाला हीलिंग ब्रश, कारण तो कातडीचा पोत एका जागेवरून उचलतो आणि रंग आजूबाजूचा जुळवून घेतो. पण हाच त्याचा गुण ब्लाउजच्या काठाशी नडतो. स्ट्रोक काठाला टेकला की मरून रंग कातडीत झिरपतो आणि साठीच्या फोटोत आत्याला मुका मार लागल्यासारखं दिसतं. तिथे क्लोन स्टॅम्पच हवा, तो उचलतो तसंच्या तसं चिकटवतो, ब्रश लहान आणि जरा कडक कडेचा.

आता सॅम्पल कुठून घ्यायचं? समोरच्या गळ्याकडची कातडी छान मोकळी दिसते, पण ती घेऊ नये. प्रकाश वरून येतोय, खांद्याचा माथा उजळ आणि हाडाकडे उतरताना काळवंडत जाणारा. म्हणून पट्ट्याच्या लगत, त्याच उंचीवरची जागा Alt दाबून घ्यायची, थोडं खाली आलं की परत नवीन जागा. सतत एकाच जागेवरून उचललं तर तिथला तीळ ओळीने चारदा उगवतो, आणि आत्याचा तीळ सगळ्या सोसायटीला पाठ आहे.

सगळ्यात डोकं खाल्लं ते खांद्याच्या माथ्याने. तिथे पट्टा मागच्या निळ्या पडद्याला भिडतो आणि खांद्याच्या रेषेत बारीकसा उंचवटा येतो, तो राहिला तर पट्टा गेला तरी त्याचं भूत उरतं. शेजारची सरळ रेष क्लोनने उचलून अर्ध्या उंचवट्यावर आणली, मग पलीकडून उरलेल्या अर्ध्यावर. नंतर फोटो आडवा फ्लिप करून, लांब बसून चहा पीत बघितला, कारण तासभर तोच खांदा बघून डोळे मरतात, उलटा केला की चूक लगेच टोचते.

पदरावर एक सुटलेला धागाही होता. साध्या कापडावरचा भाग स्पॉट हीलिंगने एका फटक्यात गेला, जरीवरचा भाग मात्र बुट्टी बुट्टीवर बसवून क्लोन करावा लागला, नाहीतर जर वितळल्यासारखी दिसते.

संध्याकाळी फोटो पाठवला. आत्याचा लगेच फोन.

"खांदा बरा झालाय गं. पण चष्म्यात ते पांढरं काय?"

"फ्लॅश आहे तो आत्या."

"मग तोही काढ की."

"नाही निघणार गं, पट्ट्याच्या शेजारी निदान कातडी होती उचलायला, इथे त्या पांढऱ्याखाली डोळाच नाहीये. दुसऱ्या फोटोतून आणावा लागेल."

"एवढंच ना!"

पाच मिनिटांत डोळ्यांसाठी फोटो आला. तिच्या लग्नातला, ब्लॅक अँड व्हाइट.