कुलूप लावलं म्हणून गाडी बांधली गेली असं होत नाही भाऊ

माझं जळगावात दुचाकीचं गॅरेज आहे, बाजूला सायकलीपण दुरुस्त करतो, त्यामुळे गाडी चोरीला गेलेला माणूस बऱ्याचदा पोलीस स्टेशनला जायच्या आधी माझ्याकडेच येतो. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच असतं, "कुलूप ते लायेल व्हतं भाऊ, मंग गयी कशी?" म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तरी वाचा.

आधी सायकलचं घेऊ कारण पोरांच्या सायकली सगळ्यात जास्त जातात आणि त्याची तक्रारपण कोणी देत नाही. सायकलसोबत मागच्या चाकाला जे गोल कुलूप येतं ते फक्त चाक फिरू देत नाही, बस. सायकल उचलायला ते अडवत नाही. आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या मुलाची गिअरची सायकल क्लासच्या बाहेरून गेली, मागचं कुलूप लावलेलं, वरून केबलपण होती. पण केबल कशी लावलेली तर पुढच्या चाकातून काढून बाजूच्या पोराच्या सायकलच्या पुढच्या चाकात, दोस्त लोक असंच करतात. त्या सायकलचं पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पाना लागत नाही, खटका उघडला की चाक हातात. क्लास सुटल्यावर तिथे पुढचं चाक आणि केबल दोन्ही जागेवर होतं, बाकी सायकल कोणीतरी उचलून गाडीत टाकून नेली. केबल कापायचीपण गरज पडली नाही! पोरगं रडत घरी आलं, आणि घरचे त्यालाच बोलले की नीट लावलं नसशील, जे मला अजिबात पटलं नाही, कारण त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

आता नीट म्हणजे कसं ते सांगतो. कुलूप किंवा साखळी तीन गोष्टींतून एकत्र जायला पाहिजे, मागचं चाक, फ्रेमचा दांडा, आणि जमिनीत पक्की रोवलेली एखादी वस्तू. मागचंच चाक का, तर पुढचं निघायला सोपं, मागच्याला चेन आणि गिअर असतात म्हणून वेळ लागतो आणि ते महागपण असतं. पक्की वस्तू म्हणजे गेटचा जाड गज, जिन्याचा लोखंडी कठडा, विजेचा खांब नको. बोर्डाचा बुटका पाइप असेल तर आधी हलवून बघा, आणि वरून सायकल उचलून काढता येते का तेपण बघा, कारण उघड्या टोकाच्या पाइपला बांधलेली सायकल वरून सरळ बाहेर येते. बारीक झाडाला तर बांधूच नका, झाडही जातं आणि सायकलही.

साखळी घेताना जाडी बघा. प्लास्टिकच्या कव्हरमधली बारीक केबल जाड दिसते, पण आत तारेचा गुंता असतो आणि साध्या कटरने कापली जाते. कडक पोलादाची साखळी किंवा यू लॉक घ्या. लावल्यावर ते जमिनीला टेकू देऊ नका, कारण जमिनीवर पडलेल्या साखळीवर हातोडी मारता येते, कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून सगळं अंग टाकता येतं, हवेत लटकलेल्या साखळीवर तेवढा जोर लावता येत नाही. आणि चावीचं भोक खालच्या बाजूला ठेवा, आपल्याकडची धूळ आणि पाऊस आत कमी जातो. कुठलंच कुलूप कायमचं टिकत नाही हे खरं आहे, ग्राइंडर घेऊन आलेल्याला काहीच अडवत नाही, पण भरदिवसा बाजारात आवाज करत ग्राइंडर चालवणारे कमी, उचलून नेणारेच जास्त.

क्लासवाल्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे. एवढी पोरं सायकलवर येतात, तर भिंतीकडे कंबरेच्या खाली येतील असे उलट्या यू आकाराचे चारदोन पाइप काँक्रीटमध्ये रोवून द्या ना. वेल्डिंगवाल्याचं एका दिवसाचं काम आहे.

आता मोटरसायकल. कानबाईच्या आदल्या दिवशी फुले मार्केटला किंवा गोलाणीला गाडी लावून बघा, हँडलला हँडल अडकलेलं असतं. लोकांना वाटतं एवढ्या गर्दीत कोण नेणार, आणि इथेच माझं म्हणणं उलटं आहे, गर्दीत नेणंच सोपं. कारण तिथे प्रत्येकजण आपली गाडी काढायला दुसऱ्याच्या चार गाड्या सरकवतो, कोणाचं हँडल ओढतो, कोणाची गाडी मागून उचलून बाजूला करतो, कोणी विचारतं का? चोरही तेच करतो, म्हणून दिसत नाही.

हँडल लॉक म्हणजे आतली एक छोटी पोलादी पिन असते, ती खाचेत बसते. जोराच्या झटक्याला ती तुटते, आणि जुन्या गाडीत तर तेवढापण जोर लागत नाही. तुमच्या गाडीचं लॉक झिजलंय का हे घरीच कळतं: चावी ऑन करून ओढून बघा, तशीच बाहेर आली तर आतल्या पत्त्या गेल्या, मग तशाच मिळत्याजुळत्या दुसऱ्या चावीनेही ते फिरू शकतं. असं असेल तर लॉक सेट बदला, नुसती नवी चावी बनवून काही होत नाही.

आणि हँडल लॉकवर एक दुसरं कुलूप लागतंच. पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्कच्या भोकात बसणारं लॉक चालतं, फक्त हँडलला एक रंगीत दोरी बांधून ठेवा, नाहीतर विसरून गाडी काढली की पुढचा ब्रेकच मोडतो. ड्रमची गाडी असेल तर साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसच्या दांड्यातून घ्या. साडी गार्डमधून घेऊ नका, मी स्वतः रोज ते गार्ड दोनचार नट खोलून काढतो, ते काय गाडी धरणार. स्कूटरला चावीच्या भोकावर शटर असेल तर ते बंद करत जा, एक सेकंदाचं काम आहे. स्टेशनला जाताना चार पैसे देऊन पावतीच्या पार्किंगलाच लावा, आणि पावती खिशात ठेवा, डिक्कीत नको. आरसीपण डिक्कीत नको, डिजीलॉकरमध्ये चालते.

गेलीच गाडी तर त्याच दिवशी ११२ ला फोन आणि एफआयआर, आता चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३(२) आहे, आणि त्याच दिवशी विमा कंपनीलाही लेखी कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत हे बऱ्याच जणांना गाडी गेल्यावरच कळतं, पॉलिसी आजच काढून बघा. फुल विमा असेल तर कंपनी गाडीच्या दोन्ही चाव्या मागते, आणि पोलिसांचा तपास लागला नाही म्हणून आलेला अ समरीचा कागदही मागते. एक चावी हरवलेली असली की तिथेच क्लेम अडकतो. म्हणून नवी गाडी घेतली की दुसरी चावी वापरायला काढूच नका, कपाटात ठेवा, पुढे डुप्लिकेट बनवायची वेळ आली तरी चावीवाल्याला तीच द्या, रोजच्या झिजलेल्या चावीवरून बनवली तर नवीनही झिजलेलीच येते.