15% किमान कराबद्दल फिरणारा मेसेज आणि त्यातला हिशोब

"आता जगातल्या प्रत्येक देशाला कंपनी टॅक्स 15% करावाच लागणार. गरीब देशांकडे कंपन्या खेचायला टॅक्स माफी हे एकच हत्यार होतं, तेही काढून घेतलं. आणि मोठ्या कंपन्या काय, झिरो टॅक्सवाल्या बेटावर मुख्यालय हलवून मोकळ्या होतील."

पहिल्या वाक्यातच गडबड आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये 130 हून जास्त देशांनी जे मान्य केलं त्यात कुणावरही आपला रेट बदलायचं बंधन नाही, हंगेरीचा रेट 9% होता तो अजूनही 9% च आहे. नियम फक्त अशा कंपन्यांच्या ग्रुपना लागतो ज्यांची जगभरची उलाढाल 75 कोटी युरोच्या वर आहे (मागच्या चारपैकी किमान दोन वर्षं), आणि बघितलं जातं ते कागदावरचा रेट नाही तर त्या देशात नफ्यावर प्रत्यक्षात किती टक्के कर बसला ते. 15 पेक्षा कमी बसला तर वरचा फरक, म्हणजे टॉप-अप, कुणीतरी वसूल करणार. छोट्या-मध्यम कंपन्यांना देश हवी तेवढी सूट देऊ शकतो.

आता दुसरं, हे जरा नीट बघूया कारण सगळा खेळ इथेच आहे. समजा एका मोठ्या ग्रुपची एका देशात फॅक्टरी आहे, नफा 10 कोटी युरो आणि सवलतीमुळे कर भरला फक्त 50 लाख, म्हणजे 5%. नियमात खऱ्या कामासाठी थोडी वजावट आहे, पगार आणि मशिनरी-इमारतींच्या किमतीचे 5% (सुरुवातीच्या वर्षांत याहून जास्त, मग दरवर्षी कमी होत जातं). पगार 3 कोटी आणि मशिनरी 5 कोटी धरली तर वजावट होते 15 लाख अधिक 25 लाख, म्हणजे 40 लाख. उरले 9 कोटी 60 लाख, त्यावर कमी पडलेले 10%, म्हणजे 96 लाख टॉप-अप.

हे 96 लाख कुणाला मिळणार? पहिला हक्क त्याच देशाचा, त्याने स्वतःचा टॉप-अप कायदा केला असेल तर. नसेल केला तर पैसे जातात मुख्य कंपनीच्या देशाकडे. म्हणजे टॅक्स माफी देणारा गरीब देश कंपनीला जवळपास काहीच देत नाही, आपल्या तिजोरीतले पैसे श्रीमंत देशाच्या तिजोरीत टाकतो! माझं सगळ्यात जास्त डोकं तापतं ते यावर, कारण जुन्या माफीचे करार तसेच ठेवून बसलेल्या देशांचं हेच होतंय आणि फॅक्टरीला त्याने फारसा फायदा नाही. शिवाय फॅक्टरीच्या जागी नुसतं दोन माणसांचं ऑफिस असतं तर वजावट जवळपास शून्य आणि टॉप-अप पूर्ण 1 कोटी, म्हणजे मार जास्त बसतो तो कागदी कंपन्यांना.

बेटाचं म्हणाल तर बर्म्युडाने स्वतःच 2025 पासून मोठ्या ग्रुपवर 15% कर लावलाय, आयर्लंडनेही 2024 पासून मोठ्यांसाठी 12.5 च्या वर 15 पर्यंत नेलं. कारण साधं आहे, मुख्यालयाच्या देशाने टॉप-अप घेतला नाही तर ग्रुप जिथे जिथे धंदा करतो ते बाकीचे देश तो आपापसात वाटून घेऊ शकतात, मग आपणच का सोडायचं. यात एक मोठं भोक मात्र आहे: जानेवारी 2026 च्या समझोत्यात अमेरिकन मुख्यालयाच्या ग्रुपना मुख्यालयाच्या देशाची आणि बाकीच्या देशांची अशी दुसरी-तिसरी वसुली माफ झाली. पण फॅक्टरी जिथे आहे त्या देशाचा स्वतःचा टॉप-अप त्यांनाही लागतोच, म्हणून तो कायदा करणं आणखी गरजेचं झालंय.

मेसेजवाल्याने खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची घालायला हवी होती. चार वर्षांच्या आत रोख परत मिळणारी टॅक्स क्रेडिट या नियमात कर कमी झाला असं धरत नाहीत, उत्पन्न वाढलं असं धरतात. नफा 10 कोटी, कर दीड कोटी, आणि सरकारने 40 लाखांची साधी सूट दिली तर बसलेला कर 11% वर येतो. तेच 40 लाख परताव्याच्या क्रेडिटने दिले तर 1.5 भागिले 10.4, म्हणजे साधारण 14.4%. कंपनीच्या हातात रक्कम तीच, टॉप-अप मात्र जेमतेम. रेट कापायची शर्यत आता रोख वाटायच्या शर्यतीत जातेय, आणि रोख वाटायला आधी तिजोरीत रोख लागते, जी गरीब देशांकडे नाहीये.