आभाराचे पत्र आणि निळी पेन्सिल

एखाद्या इटालियन कुटुंबात कित्येक महिने राहून निघताना चार ओळींचे आभारपत्र लिहावे आणि ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून निमूटपणे स्टेशन गाठावे, एवढाच माझा बेत होता. त्यापायी पेरूजातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात, रांगेतल्या सर्वांदेखत, एका अनोळखी म्हाताऱ्या बाईकडून माझी परीक्षा घेतली जाईल, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी मिठाईचा पुडा देऊन मोकळी झाले असते. या गोष्टीला अजून महिना व्हायचा आहे आणि राग पुरता गेलेला नाही.

कार्ड विकत घेतले आणि तिथेच गल्ल्याशेजारच्या फळीवर ते लिहिले, एवढाच माझा गुन्हा. मागून ‘पेर्मेत्ते?’, म्हणजे ‘परवानगी आहे?’ असा प्रश्न आला आणि माझे उत्तर येण्याआधीच कार्ड बाईंच्या हातात गेले. निवृत्त शिक्षिका असल्याचे त्यांनी सांगितले, पण ते सांगण्याची गरज नव्हती, कारण तोवर त्यांच्या पर्समधून एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल बाहेर आली होती. इटलीच्या शाळांत किरकोळ चुकीवर लाल आणि अक्षम्य चुकीवर निळी रेघ मारण्याची जुनी पद्धत आहे. ती इतकी अंगवळणी पडलेली आहे, की एखादा मंत्री काही भलतेच बोलला तरी लोक त्याला ‘निळ्या पेन्सिलीची चूक’ म्हणतात.

सुरुवात मायन्यापासून झाली. वडीलधाऱ्यांना लिहायचे तर मायना भारदस्त हवा, हे आपल्याकडचे संस्कार. म्हणून मी ‘एग्रेजी सिन्योरी’ असे लिहिले होते. बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, “त्यांनी तुमचे पैसे बुडवले आहेत का?” हा मायना वकिलाच्या किंवा कचेरीच्या पत्रात शोभतो, ज्यांच्या घरी आपण पायजम्यात वावरलो त्यांना ‘कारिस्सिमी’, म्हणजे अतिप्रिय, असेच लिहायचे असते, असे त्यांनी मला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना समजावले. मायन्यानंतर स्वल्पविराम दिल्यावर पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते, इंग्रजीसारखी मोठ्या अक्षराने नाही, म्हणून तिथे एक लाल रेघ ओढली गेली.

पुढचा घोटाळा आदरार्थाचा होता. घरच्या सिन्योराने पहिल्याच आठवड्यात मला एकेरीत बोलायला सांगितले होते, पण तिच्या सासूबाईंना, म्हणजे नोन्नांना, मी शेवटपर्यंत आदराने ‘लेई’ म्हणत होते. त्यामुळे पत्रात एक वाक्य एकीला उद्देशून, दुसरे दुसरीला, असा सगळा गोंधळ झाला होता. यावरचा बाईंचा उपाय मात्र मला मनापासून पटला. पत्र साऱ्या घराला असेल तर अनेकवचनी ‘वोई’ वापरायचे, म्हणजे एकेरीतल्यांनाही ते लागू पडते आणि आदरार्थीतल्यांनाही. येथवर गाडी रुळावर होती. पण ‘वोई’ म्हटल्यावर बाईंना 1938 साल आठवले. त्या वर्षी मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेई’ परकीय आणि बुळे ठरवून एका माणसाशी बोलतानाही ‘वोई’च वापरण्याची सक्ती केली होती, आणि बाईंच्या आईला शाळेत ते निमूटपणे शिकवावे लागले होते. मागच्या गृहस्थांच्या हातात झेरॉक्सचे कागद होते. त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

मग आली निळी रेघ. ‘तुम्ही सगळे बरे असाल अशी आशा करते’ या वाक्यात मी ‘स्पेरो के स्ताते बेने’ असे लिहिले होते. आशा, शंका किंवा इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदानंतर इटालियनमध्ये पुढचे क्रियापद कोंजुंतिवो नावाच्या वेगळ्या रूपात जाते, म्हणून तिथे ‘स्तियाते’ हवे होते. हे मला शिकवलेले होते आणि ठाऊकही होते. पण ज्या घरात मी राहिले तिथला कर्ता पुरुष जेवताना रोज बिनदिक्कत ‘स्ताते’च्या जातीची रूपे वापरत असे आणि कोणी त्याच्या ताटावर निळी रेघ मारत नसे. नियम मोडण्याचा हक्क जन्माने मिळतो, परक्याला तो परीक्षा देऊनही मिळत नाही, हे मला तिथे फार झोंबले. त्यावर बाईंचा दुसरा वार असा, “आणि ते बरे आहेत की नाहीत, हे तुम्हाला माहीत नाही? तुम्ही अजून त्यांच्याच घरी राहता ना?” दुकानदार हसला. मलाही हसावे लागले.

तिसऱ्या परिच्छेदात मी तसदीबद्दल क्षमा मागितली होती. “काय फोडलेत?” बाईंनी विचारले. काही नाही, म्हटल्यावर तो परिच्छेद आडव्या रेघेने गेला. निष्कारण क्षमा मागितली की यजमानाला वाटते, आपण पाहुण्याला अवघडवले. त्याऐवजी घरातली एखादी नेमकी गोष्ट लिहायची. मी ब्रेडचे नाव काढले आणि रांगेत शांतता पसरली. पेरूजा ज्या प्रांतात आहे त्या उंब्रियातला ब्रेड बिनमिठाचा असतो. 1540 साली पोप तिसरा पॉल याने मिठाचा भाव वाढवला, पेरूजाने बंड केले आणि तेव्हापासून इथे ब्रेडमध्ये मीठ घालत नाहीत, असे लोक अभिमानाने सांगतात. पोपने बंड मोडून शहराच्या छाताडावर किल्ला बांधला, ज्याच्या पोटातून आज सरकते जिने जातात. एवढा इतिहास पोटात घालूनही तो ब्रेड मला अळणीच लागत होता. शेवटी नोन्नांच्या हातच्या तोर्ता आल तेस्तोवर तडजोड झाली: तव्यावर भाजलेली, मध्ये चिरून आत भाजी आणि चीज भरलेली जाड भाकरी. ती मला खरोखर आवडायची, त्यामुळे ते वाक्य एकदाचे बिनरेघेचे उतरले.

शेवटी ‘मला ठेवून घेतल्याबद्दल’ या शब्दांवर दुकानाचे दोन तट पडले. मी ‘आवेर्मी ओस्पितातो’ लिहिले होते. दुकानदार म्हणाला, लिहिणारी बाई आहे, तेव्हा ‘ओस्पिताता’च हवे. शिक्षिकाबाई म्हणाल्या, इटालियनमधल्या ‘मी’, म्हणजे ‘मला’, या सर्वनामाबरोबर दोन्ही चालतात, ‘ला’, म्हणजे ‘तिला’, असते तर मात्र सक्ती असती. दुकानदाराने आपल्या बहिणीला फोन लावला. झेरॉक्सवाले गृहस्थ प्रथमच बोलले: दोन्ही चालत असतील तर कोणतेही एक लिहा, पण माझ्या कागदांकडे बघा. त्यांच्याकडे कोणी बघितले नाही. मी ‘ओस्पिताता’ लिहिले, कारण पैसे दुकानदाराला द्यायचे होते.

ते तर दोनदा द्यावे लागले, कारण रंगीबेरंगी झालेले कार्ड टेबलावर ठेवण्याजोगे राहिले नव्हते. नव्या कार्डावर बाईंच्या देखरेखीखाली मी सगळे उतरवले, शेवटी ‘दिस्तिन्ती सालूती’ हा कचेरीतला समारोप खोडून ‘उन ग्रांदे अब्राच्चो’, म्हणजे एक मोठी मिठी, झाले, आणि लिफाफ्यावरचे आडनाव वाचून बाई उजळल्या: ती सिन्योरा त्यांचीच विद्यार्थिनी, चौथी-पाचवीत शुद्धलेखनात फार कच्ची.

मी रोमला पोहोचण्याआधीच सिन्योराने फोन केला, तो मला नव्हे, बाईंना. मला संध्याकाळी तिचा संदेश आला, की पत्र इतके सुंदर होते की ते वाचताना तिला शाळेची आठवण झाली, आणि रविवारी बाई जेवायला येणार आहेत. तोर्ता आल तेस्तो करणार आहेत म्हणे. पहिल्या कार्डाचे साडेतीन युरो मी कोणाकडे मागायचे, याबद्दल संदेशात काही नव्हते.