पत्रकाची लिंक उघडत नाही? आधी तिच्यातला ‘ऱ’ तपासा

इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर सभेचं पत्रक आलं की खाली हमखास एक प्रश्न येतो: “फाइल उघडत नाहीये, परत पाठवता का?” लगेच कुणीतरी सल्ला देतं की फाइलला मराठी नाव दिलं म्हणून असं झालं, इंग्रजीत द्या. हे निदान अर्धवट आहे. मराठी नावाची लिंक व्यवस्थित चालते. ती वाटेत बिघडते, आणि नेमकी कुठे बिघडली ते लिंककडे बघूनच कळतं.

समजा, मंडळाच्या साइटवर `दुसऱ्या सभेचे पत्रक.pdf` ही फाइल आहे. वेब-पत्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात, असा नियम आहे (आरएफसी ३९८६, साल २००५). बाकी प्रत्येक अक्षराचे आधी यूटीएफ-८ या संकेतपद्धतीप्रमाणे बाइट करायचे आणि प्रत्येक बाइट `%` लावून दोन खुणांनी लिहायचा. देवनागरीत प्रत्येक अक्षर-खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून नुसता ‘स’ लिहायला नऊ खुणा: `%E0%A4%B8`. मात्रा आणि हलन्त यांचाही वेगळा हिशोब होतो. मोकळी जागा स्वस्तात, `%20` मध्ये निभावते. आपल्या फाइलच्या नावात देवनागरीच्या १७ खुणा आहेत, दोन जागा आहेत आणि `.pdf`. सगळं मिळून १६३ खुणांची शेपटी. दिसायला भयंकर, पण बरोबर.

आता ही शेपटी तुटते कशी? सर्वांत साधा प्रकार म्हणजे जागा तशीच राहणं. कुणी पत्ता हाताने टाइप केला किंवा फोल्डरमधून नाव उचलून जोडलं, की मेसेजमध्ये लिंक `दुसऱ्या` पाशी संपते आणि `सभेचे पत्रक.pdf` साधा मजकूर होऊन पडतं. निळा रंग कुठपर्यंत गेलाय ते पाहा, तिथेच ती तुटली. काही अ‍ॅप तर त्याहून हुशार: ती मात्रा किंवा हलन्ताला अक्षरच मानत नाहीत आणि लिंक शब्दाच्या मधेच सोडतात. साइट सांभाळणारे म्हणतात, “माझ्याकडे तर उघडतंय.” खरंच उघडतं. जागा असलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की ब्राउझर स्वतःच `%20` करून घेतो. मेसेजचं अ‍ॅप ते करत नाही.

कॉपी करताना आणखी एक गंमत आहे. क्रोमच्या पट्टीत पत्ता देवनागरीत वाचता येतो. तो पूर्ण निवडून कॉपी केला तर पेस्ट करताना `%` वाला पत्ता येतो. मधूनच थोडा भाग निवडला तर दिसतो तसा, म्हणजे कच्चा देवनागरी मजकूर येतो. म्हणून लिंक पाठवायची असेल तर पट्टीत एकदा क्लिक करून सगळी निवडा, तुकडा उचलू नका.

दुसरा प्रकार बनवणाऱ्याच्या बाजूचा आहे: आधीच सांकेतिक केलेल्या पत्त्यावर पुन्हा तीच क्रिया. `%` या चिन्हाचं स्वतःचं रूप `%25` आहे, त्यामुळे `%E0` चं `%25E0` होतं आणि `%20` चं `%2520`. सर्व्हर एकदाच उलगडतो, त्याच्या हाती `%E0%A4...` अशा शब्दशः नावाची फाइल मागणारी विनंती येते, आणि तशी फाइल नसते. लिंकमध्ये `%25` दिसलं की जवळजवळ नेहमी हेच झालेलं असतं. प्रत्येक `%25` च्या जागी `%` ठेवा, बहुतेक वेळा लिंक जिवंत होते. पीएचपीत लिंक बनवत असाल तर `urlencode` वापरू नका. ते जागेचं `+` करतं, आणि फाइलच्या मार्गात `+` म्हणजे अधिकचं चिन्हच, जागा नव्हे. हवं ते हे:

```
$href = '/patrak/' . rawurlencode($naav);
```

मात्र हे फक्त फाइलच्या नावावर, आणि एकदाच. पूर्ण पत्त्यावर लावलंत तर `https://` मधले तिरपे दंडही सांकेतिक होतील.

आता खरा मराठी घोटाळा, जो `%25` शोधून सापडत नाही. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र तीन रीतींनी लिहिता येतो आणि तिन्ही पडद्यावर सहसा सारखेच दिसतात. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, जुन्या पद्धतीने टाइप करणारे वापरतात ते. पत्त्यात मात्र हे तीन वेगळे मजकूर आहेत:

```
%E0%A4%B1%E0%A5%8D
%E0%A4%B0%E0%A4%BC%E0%A5%8D
%E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D
```

बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्स फाइलचं नाव बाइट जुळवून शोधतं. एकाने पहिल्या रीतीने नाव देऊन फाइल चढवली आणि दुसऱ्याने लिंक तिसऱ्या रीतीने टाइप केली, की ४०४. अक्षर न् अक्षर तपासा, फरक दिसणार नाही. मॅकवर पहिली आणि दुसरी रीत एकच नाव मानली जाते, म्हणून तिथे चाचणी पास होते आणि सर्व्हरवर आपटते. अदृश्य जोडचिन्ह तर प्रमाणीकरणातही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणतानाही, निघून जात नाही. शिवाय आपल्याकडे हिंदी कीबोर्डवर मराठी लिहिणारे खूप. हिंदीत हा र लागतच नाही, मग ‘दुसर्या’ असा रफार येतो आणि चौथं रूप तयार होतं. निदान ते डोळ्यांना दिसतं तरी.

ओळखायचं कसं? चालणारी आणि न चालणारी अशा दोन लिंका एकाखाली एक ठेवा. `%E2%80%8D` हे तुकडे जिथे आहेत तिथे जोडचिन्ह आहे. `%E0%A4%BC` असेल तर नुक्ता. `%E0%A4%B1` असेल तर सरळ ऱ.

माझं मत स्पष्ट आहे: पत्ता रोमनमध्ये ठेवा, नाव मराठीत ठेवा. दोन्ही एकदम जमतं. फाइल `sabha-2.pdf` या नावाने चढवा आणि लिंक अशी द्या:

```
<a href="/patrak/sabha-2.pdf"
   download="दुसऱ्या सभेचे पत्रक.pdf">पत्रक</a>
```

वाचकाच्या फोनवर फाइल मराठी नावानेच उतरते. अट एकच, फाइल त्याच साइटवर हवी; दुसऱ्या साइटवरच्या फाइलसाठी ब्राउझर हे नाव मानत नाही. ज्यांना पत्ताही मराठीतच हवा, त्यांनी लिंक कधीच हाताने टाइप करू नये, फाइलच्या प्रत्यक्ष नावावरूनच बनवावी.

जुन्या फाइलचं नाव बदलणार असाल तर ग्रुपमध्ये फिरणाऱ्या लिंका मारू नका. अपाचे सर्व्हरवर `Redirect` मध्ये जुना पत्ता उलगडलेल्या रूपात, म्हणजे देवनागरीतच, अवतरणात लिहायचा:

```
Redirect 301 "/patrak/दुसऱ्या सभेचे पत्रक.pdf" /patrak/sabha-2.pdf
```

ही ओळ ज्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहाल ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. आणि ही ओळ एकदा लिहून भागणार नाही. ‘ऱ’ ची जितकी रूपं ग्रुपमध्ये फिरली असतील, तितक्या वेळा लिहावी लागेल.