दोन मीटरच्या तारेतही फ्रेम गळतात, त्या का?

दावा: "गो-कार्टसारख्या छोट्या गाडीत कॅनची तार जेमतेम दोन मीटर. टर्मिनेशनची काळजी नको. फार तर प्रत्येक मॉड्यूलवरचा १२० ओहमचा जंपर लावून टाका. सगळे नोड ५०० केबीपीएसवर ठेवले की झालं. तरी फ्रेम गळल्या तर वेग २५० करा."

कॅन म्हणजे गाडीतले नोड जोडणारी दोन तारांची बस. नोडला तारेशी जोडणारी चिप, म्हणजे ट्रान्सीव्हर, बसला फक्त डॉमिनंटकडे ओढतो, म्हणजे दोन तारांत व्होल्टेजचा फरक पाडतो. तिथून परत रिसेसिव्हला, म्हणजे फरक नसलेल्या अवस्थेला, आणायचं काम टर्मिनेशनच्या रेझिस्टरचं, तार कितीही आखूड असो. चार नोड घ्या: बॅटरी, मोटर कंट्रोलर, थ्रॉटल, डिस्प्ले. टर्मिनेटर नसेल तर बसवर उरतो तो फक्त ट्रान्सीव्हरांचा इनपुट रोध. प्रत्येकी ३० किलोओहम धरला तर चौघांचा मिळून साडेसात. तार आणि नोडांची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरा. गुणाकार येतो पावणेचार मायक्रोसेकंद, आणि ५०० केबीपीएसला अख्खा बिट दोनच मायक्रोसेकंदांचा. बस रिसेसिव्ह व्हायच्या आधीच पुढचे बिट निघून जातात. दोन टोकांचे दोन १२० मिळून ६० ओहम असतील तर हाच आकडा ३० नॅनोसेकंद होतो. एवढ्या आखूड तारेवर एकच १२० असला तरी बहुधा निभावतं, हे मान्य. शून्य मात्र चालत नाही.

चारही जंपर लावले की ३० ओहम होतात. स्वस्त MCP2515 मॉड्यूलवर सापडणारा TJA1050 ट्रान्सीव्हर किमान १.५ व्होल्ट फरकाची हमी देतो ती ४५ ते ६५ ओहमच्या भारावर. ३० वर ती हमी संपते. समोरच्याला डॉमिनंट ओळखायला ०.९ व्होल्ट लागतात, त्यामुळे टेबलावर सगळं सुरळीत चालेलही. गाडीत मोटरचा गोंगाट आला की पुरेशी जागा उरत नाही. सप्लाय बंद करून कॅनच्या हाय आणि लो तारांच्या मध्ये मल्टिमीटर लावा. ६० हवेत. ४० आले तर एक जंपर जास्त, ३० आले तर दोन. जंपर फक्त तारेच्या दोन टोकांच्या नोडांवर ठेवायचे.

आता ५०० केबीपीएसचं बघू. वेगाचा आकडा जुळला म्हणजे घड्याळं जुळली असं होत नाही. मॉड्यूलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असून लायब्ररी १६ धरत असेल तर एकही फ्रेम जात नाही. ती चूक लगेच दिसते. छळतात त्या अधूनमधून गळणाऱ्या.

समजा थ्रॉटल नोड MCP2515 वर आहे, क्रिस्टलवर चालणारा. डिस्प्ले STM32F103 वर, पण CubeMX मध्ये HSE, म्हणजे बाहेरचा क्रिस्टल, चालू केलेला नाही, म्हणून तो चिपच्या आतल्या HSI घड्याळावर. HSI खोलीच्या तापमानालाही एक टक्क्याच्या आसपास चुकू शकतो, आणि गाडी तापली की आणखी सरकतो. तो एक टक्का मंद आहे असं धरू. रिसीव्हर आपली वेळ सुधारतो ती रिसेसिव्हकडून डॉमिनंटकडे जाणाऱ्या कडेवर, आणि सलग पाच सारख्या बिटांनंतर एक उलटा बिट घालणारं बिट स्टफिंग असूनही अशा दोन कडांमध्ये दहा बिट जाऊ शकतात. एक टक्क्याने दहा बिटांत एक दशांश बिट घसरतो. डिस्प्लेवर बिटाचे १६ क्वांटा, म्हणजे वेळेचे सारखे तुकडे, असतील तर ही घसरण १.६ क्वांटा. SJW, म्हणजे एका कडेवर करता येणारी कमाल दुरुस्ती, १ असेल तर एका कडेवर एकच क्वांटम भरून निघतो, बाकी साचत जातं. सॅम्पल पॉइंट, म्हणजे बिट वाचायचा क्षण, ८७.५ टक्क्यांवर असेल तर त्यानंतर बिटाचे फक्त दोन क्वांटा उरतात. मंद रिसीव्हर उशिरा सॅम्पल घेतो, त्यामुळे फ्रेम संपायच्या आत तो पुढच्या बिटात पोचतो.

हे तपासायला थ्रॉटल नोडवरून आठ बाइटच्या, ११ बिट आयडीच्या दोन प्रकारच्या फ्रेम पाठवा:

```
55 55 55 55 55 55 55 55
3C 3C 3C 3C 3C 3C 3C 3C
```

पहिलीत दर दोन बिटांना कड येते. दुसरीत स्टफ बिट असे बसतात की कड बरोबर दहा बिटांनी येते. पहिली नीट पोचते आणि दुसरी गळते, तर संशय घड्याळावर. दोन्ही सारख्याच गळत असतील तर आधी तारा बघा. डिस्प्ले एकदा एरर-पॅसिव्ह झाला, म्हणजे चुका वाढून इतरांच्या फ्रेम मोडायचं थांबला, की फ्रेम फक्त त्याच्याकडे गळते आणि बाकीच्या नोडांना पत्ताही लागत नाही. म्हणून एरर काउंटर डिस्प्लेवरच वाचा.

वेग २५० करायचा सल्ला तर दोन वेगळे आजार एकत्र करतो. तारेचा दोष त्याने खरंच हलका होतो, कारण बिट दुप्पट लांब होतो. घड्याळाची चूक टक्क्यांत असते, ती तशीच राहते. डिस्प्लेवर घड्याळाला भागणारा प्रीस्केलर दुप्पट होतो, क्वांटा १६ च राहतात आणि गळतीही तितकीच. उलट arduino-mcp2515 लायब्ररीत ८ मेगाहर्ट्झला ५०० साठी बिटाचे ८ क्वांटा आहेत, २५० साठी १६, आणि SJW दोन्हीकडे १. म्हणजे त्या नोडची घसरण भरून काढायची ताकद वेग कमी केल्यावर निम्मी होते.

इलाज साधा: HSE चालू करा. ७२ मेगाहर्ट्झवर CAN ला ३६ मेगाहर्ट्झ मिळतात. प्रीस्केलर ४, सॅम्पल पॉइंटच्या आधीचा BS1 १५, नंतरचा BS2 २, SJW २. `HAL_RCC_GetPCLK1Freq()` ने 36000000 दिलं पाहिजे. 32000000 किंवा 8000000 आलं तर चिप बहुधा अजून HSI वरच आहे.